पाच नावांची यादी

राष्ट्रीय शेअर बाजारात दोन हजारांहून अधिक कंपन्यांच्या शेअरची खरेदी-विक्री होते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दलालाला त्यांचे जे भाव पडद्यावर दिसतात, तेच भाव त्याच क्षणी कोकणातल्या लांज्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदारालाही मोबाइलवर दिसतात. पूर्वी भाव कळायला दलालाला फोन करावा लागे किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे. आता माहिती मिळवण्याची अडचण उरलेली नाही, आणि व्यवहारही मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सेबीने सप्टेंबर 2024मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार 2023-24मध्ये या विभागात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 72 टक्क्यांहून अधिक जण देशातल्या पहिल्या 30 शहरांबाहेरचे होते. म्हणजे मोठ्या शहरांबाहेरचा ट्रेडर हा आता अपवाद नाही, तोच बहुसंख्य आहे. याच अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या विभागातल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. तोट्याची कारणे अनेक आहेत. या प्रकरणात त्यांतल्या एकाचाच विचार करायचा आहे: समोर इतके चार्ट आणि इतक्या वॉचलिस्ट असणे, की वेळेवर निर्णयच घेता येऊ नये. उपाय म्हणून आदल्या संध्याकाळी तयार केलेली, जास्तीत जास्त पाच नावांची यादी इथे सुचवली आहे. मात्र ही यादी नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे समजल्याशिवाय तिचा उपयोग होणार नाही.

आधी साधा हिशेब करू. एखाद्याच्या वॉचलिस्टमध्ये 300 शेअर आहेत आणि प्रत्येक शेअरचा दिवसाचा, तासाचा आणि पाच मिनिटांचा असे तीन चार्ट तो बघतो. हे झाले 900 चार्ट. प्रत्येकावर फक्त 15 सेकंद घालवली, तरी एक फेरी पूर्ण व्हायला 3 तास 45 मिनिटे लागतात. बाजार सकाळी 9.15 ते दुपारी 3.30, म्हणजे 375 मिनिटे चालतो. त्यातली 225 मिनिटे एका फेरीतच गेली. पहिल्या शेअरकडे तो परत येतो, तेव्हा त्या शेअरच्या पाच मिनिटांच्या चार्टवर 45 नव्या कॅण्डल उमटलेल्या असतात. जे पाहून मनात काही ठरवले होते, ते चित्रच आता राहिलेले नाही. मग एक तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, किंवा त्या क्षणी जो शेअर सर्वांत जोरात वर चढताना दिसतो तो घेतो. वरवर या दोन वागण्यांत फरक दिसतो, पण मूळ एकच आहे. तुलना पूर्ण करणे शक्य नसले की माणूस तुलना सोडून देतो आणि जे डोळ्यांत भरते त्याकडे वळतो. ब्रॅड बार्बर आणि टेरेन्स ओडीन या अभ्यासकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच आढळले: बातम्यांत आलेले, अचानक उलाढाल वाढलेले किंवा आदल्या दिवशी भावात मोठी उलथापालथ झालेले शेअर वैयक्तिक गुंतवणूकदार विकण्यापेक्षा विकत अधिक घेतात. विकताना निवड हातात असलेल्या मोजक्या शेअरांतूनच करायची असते. खरेदी करताना हजारो शेअर समोर असतात, म्हणून निवडीचे काम लक्ष वेधून घेणाऱ्या गोष्टींकडे जाते.

अनेकांना वाटते की चार्ट जास्त असले तरी चालतील, त्यावर इंडिकेटर पुरेसे लावले की चुका टळतील. इथे पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेला प्रयोग उपयोगी पडतो. घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज बांधणाऱ्या आठ अनुभवी जाणकारांना त्याने आधी पाच, मग दहा, वीस आणि शेवटी चाळीस प्रकारची माहिती दिली आणि प्रत्येक वेळी अंदाज विचारले. माहिती आठपट झाली तरी अंदाजांची अचूकता जवळपास होती तिथेच राहिली. वाढला तो फक्त जाणकारांचा स्वतःवरचा विश्वास. आठच माणसांवरचा हा प्रयोग आहे, म्हणून त्याला नियमाचे वजन देऊ नये. पण इंडिकेटरच्या बाबतीत असे का घडते याचे कारण स्वतंत्रपणे सांगता येते. आरएसआय, स्टोकॅस्टिक आणि एमएसीडी ही तिन्ही साधने एकाच कच्च्या मालातून, म्हणजे मागच्या काही दिवसांच्या भावांतून तयार होतात. तिन्हींनी एकदम ‘खरेदी’ म्हटले, तर ती एकाच माणसाने तीनदा सांगितलेली गोष्ट असते. तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत. आणि तिन्हींचे जमले नाही, तर त्यांचा हिशेब वेगवेगळ्या सूत्रांवर आणि कालावधींवर बेतलेला असल्यामुळे तसे घडते. ट्रेडर मात्र त्या मतभेदात अर्थ शोधत बसतो, चौथे इंडिकेटर लावतो, आणि तोवर एंट्रीचा भाव निघून जातो.

मोठ्या यादीत आणखी एक धोका लपलेला असतो, तो योगायोगाचा. समजा, एखादी भावरचना निव्वळ योगायोगाने शंभरातल्या पाच चार्टवर दिसू शकते. 300 शेअरवर अशा पाच रचना शोधल्या तर 1,500 तपासण्या होतात आणि त्यांतून 75 ठिकाणी ‘सेटअप’ सापडतो, ज्यामागे काहीही नसते. पाचचा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे. तो कमी-जास्त केला तरी दिशा बदलत नाही. तपासण्या जितक्या वाढतील तितके खोटे सेटअप वाढतील, आणि चार्टवर खोटा सेटअप खऱ्यासारखाच दिसतो. यातून अनुभवी ट्रेडरही सुटत नाही, कारण ही अडचण नजरेची नसून संख्येची आहे.

म्हणून यादी लहान करायची ती दोन कामे वेगळी करण्यासाठी. एक काम निवडीचे आणि दुसरे अंमलबजावणीचे. निवड करताना तुलना करावी लागते आणि तिला शांत वेळ लागतो, तेव्हा ती बाजार बंद असताना व्हावी. अंमलबजावणीत तुलना नसावी. आधी लिहिलेली अट पूर्ण झाली की नाही, एवढेच बघायचे असावे. निर्णयाचा लकवा जडतो तो बहुतेकदा ही दोन्ही कामे सकाळी 9.20ला, भाव हलत असताना, एकत्र केल्यामुळे. यादी पाचची असावी की सातची हा नंतरचा प्रश्न आहे. यादीतल्या प्रत्येक नावापुढे निर्णय आधीच लिहिलेला आहे का, हा पहिला प्रश्न.

आता ही यादी प्रत्यक्ष कशी होते ते एका उदाहरणातून पाहू. समजा, लांज्यात दुकान चालवणारा एक ट्रेडर आहे. त्याच्याकडे ट्रेडिंगसाठी बाजूला काढलेले दोन लाख रुपये आहेत आणि दिवसा गिऱ्हाईक सांभाळायचे असल्यामुळे त्याला सतत पडद्याकडे बघता येत नाही. म्हणून तो इंट्राडेच्या वाटेला न जाता, शेअर डिलिव्हरीत घेऊन काही दिवस ते दोन-तीन आठवडे ठेवायचे, असे स्विंग पद्धतीचे सौदे करतो. दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी तो स्क्रीनरवर निफ्टी 500 निर्देशांकातल्या कंपन्यांपासून सुरुवात करतो. पहिली चाळण उलाढालीची: गेल्या 20 दिवसांत सरासरी दहा कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेले शेअर बाद, कारण त्यांत हव्या त्या भावाला बाहेर पडता येईलच असे नाही. पाच टक्क्यांच्या सर्किटमधले आणि एक्स्चेंजच्या विशेष देखरेखीखालचे शेअरही याच चाळणीत गळतात. खालचे सर्किट लागले तर स्टॉप-लॉस असूनही खरेदीदार मिळत नाही. दुसरी चाळण दिशेची: बंद भाव 200 दिवसांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या वर हवा, आणि 50 दिवसांची अ‍ॅव्हरेजही 200 दिवसांच्या वर हवी. तिसरी चाळण म्हणजे त्याचा एकमेव सेटअप: चढलेला शेअर चार ते आठ दिवस हळूहळू खाली येऊन 20 दिवसांच्या अ‍ॅव्हरेजजवळ थांबलेला असावा. चौथी चाळण तारखांची: येत्या पाच दिवसांत कंपनीचे तिमाही निकाल असतील तर नाव काढून टाकायचे. निकालानंतर भाव कुठेही उघडू शकतो आणि त्यापुढे चार्टवरचा स्टॉप-लॉस निरुपयोगी ठरतो.

या चाळण्यांतून कधी चाळीस नावे उरतात, कधी एकही उरत नाही. जास्त उरली तर क्रम लावण्याचा नियम आधीच ठरलेला हवा, नाही तर चाळीस चार्ट चाळत बसण्याचा तोच खेळ संध्याकाळी सुरू होतो. आपला ट्रेडर तीन महिन्यांत निफ्टीच्या तुलनेत अधिक चढलेले शेअर वरच्या क्रमाने घेतो आणि एका क्षेत्रातला एकच ठेवतो. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, अ‍ॅक्सिस आणि कोटक ही चार नावे यादीत असली तरी कल्पना एकच असते. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी चारही एका दिशेला जाऊ शकतात. एकही नाव उरले नाही, तर दुसऱ्या दिवशीची यादी कोरी. अट थोडी सैल करून नाव घुसवण्याचा मोह इथेच होतो, आणि यादीची शिस्त बहुधा इथेच मोडते.

उरलेल्या प्रत्येक नावापुढे तो एक ओळ लिहितो. समजा, एका शेअरच्या उतरणीतल्या शेवटच्या कॅण्डलचा उच्चांक 411.50 आहे आणि संपूर्ण उतरणीचा नीचांक 400.50. ओळ अशी होते: भाव 412च्या वर गेला तर खरेदी, पण 415च्या पुढे नाही, स्टॉप-लॉस 400, टार्गेट 445, तीन दिवसांत 412 ओलांडले नाही तर नाव रद्द. संख्या काढायची ती जोखमीवरून. एका सौद्यात भांडवलाच्या अर्धा टक्का, म्हणजे एक हजार रुपयेच गमावायची तयारी आहे. वाईटात वाईट एंट्री 415 धरली तर स्टॉप-लॉस 15 रुपये खाली आहे. एक हजाराला पंधराने भागले की 66 शेअर येतात आणि त्यांची किंमत होते 27,390 रुपये. टार्गेट 30 रुपये वर आहे, म्हणजे जोखमीच्या दुप्पट. या एका ओळीत पाच निर्णय आहेत आणि त्यांतला एकही सकाळसाठी शिल्लक ठेवलेला नाही.

आता सकाळी हा शेअर थेट 427ला उघडला तर? मोठ्या यादीच्या ट्रेडरला तो पडद्यावर हिरवागार दिसतो आणि ‘ब्रेकआउट झाला’ असे वाटून तो हात घालतो. आपल्या ओळीप्रमाणे मात्र 415च्या पुढे खरेदी नाही. हा नियम हट्टाचा नाही, त्यामागे गणित आहे. 427ला घेतले तर 400चा स्टॉप-लॉस 27 रुपये दूर जातो आणि 445चे टार्गेट फक्त 18 रुपयांवर उरते. 66 शेअरवर संभाव्य तोटा हजारावरून 1,782 रुपयांवर जातो आणि संभाव्य फायदा 1,188वर येतो. शेअर तोच असला तरी सौदा दुसराच झाला, आणि तो आदल्या रात्री कोणी निवडलेला नव्हता.

दिवसा या ट्रेडरला फक्त अलर्ट लावायचे असतात. अलर्ट वाजला तरच चार्ट उघडायचा. कोकणातल्या पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून खरेदी होताच स्टॉप-लॉस आणि टार्गेटचा जीटीटी आदेश टाकून ठेवणे त्याला अधिकच गरजेचे आहे. तिथे दोन गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. ब्रोकरला डीडीपीआय दिलेला नसेल तर डिमॅटमधले शेअर विकताना टीपिनने मंजुरी द्यावी लागते. ती नसल्यास जीटीटीतून निघालेला विक्रीचा आदेश नाकारला जाऊ शकतो. आणि जीटीटी सहसा ठरावीक भावाचा आदेश पाठवतो. बाजार त्या भावाच्याही खाली उघडला तर शेअर विकलाच जात नाही. यादी कितीही नीट असली तरी हे धोके ती घालवत नाही.

या पद्धतीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप संधीचा. पाचच नावे पाहिली तर सहावा शेअर वीस टक्के चढून जाईल त्याचे काय? तो जाईल, रोज कुठला तरी शेअर जाईलच. पण वरच्या हिशेबात एका सौद्याला 27,390 रुपये लागतात. दोन लाखांत असे सातच सौदे बसतात. आठव्याला पैसे नाहीत. ज्याचे भांडवल सात सौद्यांचे आहे, त्याने 300 शेअरवर लक्ष ठेवले तरी घ्यायचे सातच. तेव्हा संधी हुकण्याचे खरे कारण भांडवलाची मर्यादा हे आहे, आणि मोठी यादी ती मर्यादा वाढवत नाही, फक्त हुकलेल्या गोष्टी जास्त दाखवते. ज्याला अनेक कंपन्यांत पैसा विखरून ठेवायचा आहे, त्याच्यासाठी इंडेक्स फंड हे स्वस्त साधन आहे. दीर्घकालीन गुंतवणुकीचे ते काम ट्रेडिंगच्या यादीवर लादू नये.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो गंभीर आहे. पर्याय वाढले की माणूस निवडच करत नाही, हे सांगताना शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चाखायला थांबलेल्यांपैकी तीन टक्क्यांनी खरेदी केली. सहाच मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. पण 2010 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे पर्याय जास्त असणे हे मुळात वाईट आहे असे विज्ञान सांगत नाही, आणि तसे इथेही म्हणायचे नाही. पुढे 2015मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात मुद्दा अधिक स्पष्ट झाला: पर्यायांची तुलना गुंतागुंतीची असेल, निर्णयाचे काम कठीण असेल आणि आपल्याला नेमके काय हवे हे ठरलेले नसेल, तेव्हा पर्यायांचा भार होतो. बाजार उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात, सेटअप ठरलेला नसलेल्या ट्रेडरला या सगळ्याच गोष्टी लागू पडतात. ज्याचा सेटअप लिहिलेला आहे, त्याच्या स्क्रीनरने संध्याकाळी 500 शेअर तपासले तरी बिघडत नाही, कारण ती तपासणी यंत्र करते आणि घाई नसताना करते. आक्षेप खरा आहे आणि त्यातूनच यादी संध्याकाळी का करायची हे कळते.

तिसरा आक्षेप सर्वांत कडक आहे: बहुसंख्य ट्रेडर तोट्यातच आहेत, मग पाच नावांची यादी केल्याने ते नफ्यात येतील का? केवळ यादीमुळे नाही. सेबीने जुलै 2024मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23मध्ये दहापैकी सात ट्रेडर तोट्यात होते आणि वर्षाला 500हून अधिक सौदे करणाऱ्यांत तोट्याचे प्रमाण 80 टक्के होते. जास्त सौदे हेच तोट्याचे कारण, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण सौदे वाढवून सुटका होते या समजुतीला ते आधारही देत नाहीत. सेटअपमध्येच काही तथ्य नसेल तर लहान यादीने तोटा सावकाश होईल, एवढेच. तरीही तिचा एक मोठा फायदा उरतो आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे: सेटअप पोकळ आहे की नाही, हे तिच्यामुळे कळू शकते. शंभर सौदे वीस वेगवेगळ्या कारणांनी केले तर प्रत्येक कारणाच्या वाट्याला पाच सौदे येतात, आणि पाच सौद्यांवरून काहीच ठरवता येत नाही. शंभरही सौदे एकाच लिहिलेल्या सेटअपवर केले तर निकालाला अर्थ येतो.

हे कळण्यासाठी नोंद मात्र विशिष्ट हवी. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: अट पूर्ण झाली का, झाली असल्यास सौदा घेतला का, आणि घेतला नसल्यास पुढे भावाचे काय झाले. महिन्याच्या शेवटी वीस नावांची अट पूर्ण झालेली असेल आणि त्यांतले आठच सौदे घेतले असतील, तर लकवा अजून गेलेला नाही, यादी लहान असली तरी. न घेतलेल्या बारांचा निकाल घेतलेल्या आठांइतकाच किंवा त्याहून चांगला असेल, तर ऐन वेळी ‘आणखी एक खात्री’ करून घेण्याच्या सवयीने फायदा केलेला नाही, हेही दिसते. चौथा रकाना यादीबाहेरच्या सौद्यांचा ठेवावा, कारण सकाळी अकरानंतर दुसऱ्याच्या शिफारशीवर घेतलेले शेअर तिथे साठतात. त्यांचा नफा-तोटा वेगळा मांडला की यादी पाळण्याची किंमत आणि मोडण्याची किंमत शेजारी-शेजारी वाचता येते.

वाचकाने हे प्रकरण वाचून काही करायचेच असेल, तर एक सेटअप लिहून काढावा, भांडवलाला न पेलणाऱ्या सगळ्या वॉचलिस्ट पुसून टाकाव्यात आणि पहिले पन्नास सौदे कमीत कमी रकमेचे किंवा कागदावरचेच करावेत. ब्रोकरेज, एसटीटी आणि कर वजा जाता पन्नासाव्या सौद्यानंतर हिशेब तोट्याचा असेल तर सेटअप बदलून पुन्हा कागदावर तपासावा. दुसऱ्यांदाही तोच निकाल आला तर ट्रेडिंग थांबवावे आणि पैसा इंडेक्स फंडात किंवा आपल्या धंद्यात घालावा. हा निष्कर्ष हजार-हजार रुपयांच्या मोजलेल्या जोखमीत मिळाला, तर ती शिकण्याची रास्त किंमत आहे.